तेलाचा स्प्रे रेंजजवळ ठेवला तर कॅन कधी फुटतो?

प्रश्न: "आम्ही न्यू जर्सीला राहतो, घरात गॅसची कुकिंग रेंज आहे. डोशाच्या तव्याला आणि बेकिंगच्या ट्रेला मी तेलाचा स्प्रे मारते. कॅन रेंजच्या मागच्या पट्टीवर, मीठ-मिरपुडीच्या शेजारी असतो. परवा ओव्हन तासभर चालू होता, नंतर कॅन उचलला तर चांगलाच गरम लागला. सासूबाई म्हणतात, फेकून दे, बॉम्ब आहे तो. नवरा म्हणतो, ज्योतीत टाकला तरच फुटतो, आणि हा तर संपतच आलाय. कोणाचं खरं?"

सासूबाईंचे म्हणणे खऱ्याच्या जास्त जवळ आहे. त्या दिवशी तुमचा कॅन फुटण्याच्या बेतात होता असे मला वाटत नाही, कारण तुम्ही तो हातात धरू शकलात. पण रेंजवर कॅन ठेवायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. गॅसच्या बहुतेक रेंजमध्ये ओव्हनमधली गरम हवा आणि जळून झालेला वायू मागच्या पट्टीतल्या फटीतूनच बाहेर पडतो. ओव्हन 400 अंश फॅरनहाइटला लावला, की तो झोत तासभर कॅनच्या एकाच बाजूवर येत राहतो. ज्योत कॅनला कुठेच लागलेली नसते, तरी कॅन तापत असतो. म्हणून यात विचारायचे ते एवढेच, की कॅन किती तापला. आग त्याला लागली की नाही हे त्यानंतर येते.

एरोसोलच्या कॅनची चाचणी हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे कॅनच्या आत काय चालते तिथूनच सुरुवात करतो. तेल आपले आपण फवाऱ्यासारखे बाहेर पडत नाही. त्याला ढकलण्यासाठी कॅनमध्ये एक वायू दाबून द्रवरूपात भरलेला असतो. बऱ्याच कुकिंग स्प्रेमध्ये तो ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असतो. म्हणजे आपल्याकडच्या घरगुती गॅस सिलिंडरमध्ये असतो त्याच कुळातला वायू. फरक असा, की सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास लावलेला असतो आणि एरोसोलमधल्या वायूचा वास मुद्दाम काढून टाकलेला असतो, नाहीतर डोशाला गॅसचा वास आला असता. त्यामुळे कॅन गळत असला तरी नाकाला काही कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता दाबाचे गणित. कॅनमध्ये या द्रव वायूचा थोडासाही साठा शिल्लक असेल, तर आतला दाब ठरतो तो तापमानावर. कॅन किती भरलेला आहे याच्याशी त्याचा जवळजवळ संबंध नसतो. थोडा द्रव उकळून वरची जागा भरतो, त्या तापमानाला जो दाब यायला हवा तो आला की उकळणे थांबते. तुम्ही स्प्रे मारला की पुन्हा थोडा उकळतो. म्हणूनच कॅन अर्धा झाला तरी फवारा पहिल्या दिवसासारखाच येतो. तुमच्या नवऱ्याचा "संपतच आलाय" हा मुद्दा इथे गळून पडतो. संपत आलेल्या कॅनमध्ये जळायला इंधन कमी असते हे बरोबर, पण तो फुटण्याचे तापमान त्यामुळे वाढत नाही. उलट तेल कमी असल्यामुळे पत्र्याचा जास्त भाग आतून कोरडा असतो. तो भाग बाहेरून तापला तर ती उष्णता ओढून घ्यायला आत द्रव नसतो, आणि असा पातळ पत्रा पटकन तापून मऊ पडतो.

आकड्यांत सांगायचे तर आयसोब्युटेन आणि प्रोपेनचे एक नेहमीचे मिश्रण घेऊ. खोलीत 20 अंश सेल्सिअस असताना कॅनमध्ये साधारण 45 पीएसआय दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये आपण 32 च्या आसपास भरतो, म्हणजे नुसता ठेवलेला कॅनसुद्धा टायरपेक्षा जास्त फुगलेला आहे. 50 अंशांना हाच दाब 110 च्या घरात जातो. 70 अंशांना तो 185 च्या आसपास पोचतो. तापमान 50 अंशांनी वाढले आणि दाब चौपट झाला. नुसती हवा कोंडलेली असती तर एवढ्या तापण्याने दाब जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढला असता. इतका फरक पडतो तो द्रव वायू उकळत राहिल्यामुळे.

कॅन किती सोसतो? अमेरिकेच्या वाहतूक नियमांनुसार 130 अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 54 अंश सेल्सिअसला, आत जो दाब असेल त्याच्या दीडपट दाबाला कॅन फुटता कामा नये. वरच्या मिश्रणाला हा हिशेब लावला तर नियमाने मिळणारी हमी 70 अंशांच्या आसपास संपते. चांगला बनवलेला कॅन प्रत्यक्षात याहून बरेच सोसतो, पण तुमच्या हातातला नेमका कॅन किती सोसेल हे बाहेरून कोणी सांगू शकत नाही. खाली पडून कडेला पोचा आलेला, सिंकजवळ राहून तळाच्या जोडावर गंज चढलेला कॅन नव्यासारखा वागत नाही. म्हणूनच कॅनवर 120 अंश फॅरनहाइटच्या वर ठेवू नका असे छापलेले असते, आणि युरोपात, भारतात 50 अंश सेल्सिअस लिहितात. दोन्ही जवळजवळ तेच तापमान. चहा ओतल्यावर कप 60-70 अंशांचा सहज असतो, त्यावरून 50 अंश किती जवळ आहेत हे लक्षात येईल.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. सगळे स्प्रे असे नसतात. काही तेलांच्या कॅनमध्ये तेल आतल्या एका पिशवीत असते आणि पिशवीबाहेर दाबलेली हवा किंवा नायट्रोजन असतो. तो वायू जळत नाही आणि तापल्यावर त्याचा दाबही हळू वाढतो. घटकांच्या यादीत शेवटी प्रोपेलंट, ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन यांपैकी काही लिहिले असेल, किंवा कॅनवर ज्वालाग्राही असा इशारा असेल, तर तुमचा कॅन मी सांगतो आहे त्या प्रकारचा. यादीत यातले काहीच नसेल आणि फक्त तेल लिहिलेले असेल, तरी तापवायचा नाहीच, कारण दाब तिथेही आहे. फक्त फुटल्यानंतर आगीचा लोळ उठण्याचा धोका खूप कमी.

त्या लोळाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण भाजतात ती माणसे बहुतेक त्यानेच, पत्र्याच्या तुकड्यांनी कमी. तुमचा कॅन 170 ग्रॅमचा आणि नवाकोरा आहे, आणि त्यात पाचवा भाग वायू, म्हणजे साधारण 35 ग्रॅम, असे धरू. एवढ्या द्रवाचा मोकळ्या हवेत जवळजवळ 15 लिटर वायू होतो. हवेत हा वायू दोन टक्क्यांच्याही खाली असला तरी पेटू शकतो. म्हणजे या 15 लिटरांनी आठशेएक लिटर हवा पेटण्याजोगी होते. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशी जागा जवळजवळ भरेल इतकी. ती जागा कुठे? बर्नरच्या वर आणि समोर, जिथे तुम्ही उभ्या असता. आणि हे फक्त वायूचे झाले. उरलेले 135 ग्रॅम तेल त्याच क्षणी बारीक थेंबांच्या धुक्यासारखे उडते. कढईतले तेल काडीने पेटत नाही, पण त्याच तेलाचे धुके जळत्या वायूत सापडले की एका झटक्यात पेटते. वजनाला वजन धरले तर तेलातली ऊर्जा वायूपेक्षा थोडीच कमी असते, त्यामुळे लोळातले बरेचसे इंधन तेलाचेच असते. हे सगळे एखाद-दुसऱ्या सेकंदात संपते. तेवढ्यात चेहरा, मान, हात आणि अंगावरचे कपडे भाजतात.

अमेरिकेत यावर कोर्टात बरीच भांडणे झाली आहेत, आणि त्यातून कॅनच्या रचनेबद्दल एक उपयोगी गोष्ट कळते. काही मोठ्या कॅनच्या तळाला इंग्रजी यू अक्षरासारख्या खाचा पाडलेल्या असत. दाब फार वाढला की कॅन फुटण्याऐवजी या खाचा उघडून आतला माल बाहेर जावा, असा त्यामागचा विचार. पॅम हा स्प्रे बनवणाऱ्या कोनॅग्रा कंपनीवर 2019 मध्ये दावे दाखल झाले. या खाचा नको तेव्हा उघडल्या आणि बाहेर आलेले वायू-तेल शेजारच्या बर्नरवर पेटून माणसे भाजली, असे वादींचे म्हणणे होते. सूचनांप्रमाणे वापरले तर उत्पादन सुरक्षित आहे, असे कंपनी म्हणत आली. 2017 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका क्लबच्या स्वयंपाकघरात झालेल्या अशाच घटनेवरून, शिकागोच्या कुक काउंटीतल्या ज्युरीने 2023 मध्ये 71 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. दोष कोणाचा किती हे कोर्ट बघेल. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की "सुरक्षेसाठी" उघडणारा कॅनसुद्धा जळत्या बर्नरशेजारी सुरक्षित नाही, कारण तो उघडला की आतले इंधन थेट ज्योतीवर जाते. घरात एखादा जुना मोठा कॅन असेल तर उलटा करून तळ पाहा. यू आकाराच्या खाचा दिसल्या तर तो वापरूच नका.

आता तुमच्या रेंजकडे येऊ. मागची पट्टी सोडून आणखी तीन जागा मला तितक्याच वाईट वाटतात, आणि आपल्या घरांमध्ये तर विशेष.

पहिली जागा म्हणजे ओव्हनच. आपल्या बऱ्याच घरांत ओव्हन रोज लागत नाही, मग त्यात कढया, तवे, ट्रे आणि हाताशी असावेत म्हणून बाकीचे डबेही जातात. सणाला कोणी पाहुणे येतात, केक करायचा म्हणून ओव्हन तापायला लावतात, आणि आत काय आहे ते कोणी बघत नाही. 350 अंश फॅरनहाइट म्हणजे 175 अंश सेल्सिअसच्या वर. कॅनची हमी 70 ला संपते हे वर पाहिले. बंद ओव्हनमध्ये असलेला कॅन तिथे काही मिनिटांतच पोचतो. फुटला की दार जोरात उघडते आणि समोर उभ्या असलेल्या माणसावर लोळ येतो. तुमच्या घरी ओव्हनचा असा कपाटासारखा वापर होत असेल तर त्यात फक्त धातूची रिकामी भांडी ठेवा, बाकी काही नाही.

दुसरी जागा ओव्हनच्या खालचा ड्रॉवर. बऱ्याच जणांना तो भांडी ठेवायचा ड्रॉवर वाटतो. गॅसच्या अनेक रेंजमध्ये तो प्रत्यक्षात ब्रॉयलर असतो, म्हणजे ओव्हनचा बर्नर त्याच्या बरोबर वर जळतो. इलेक्ट्रिक रेंजमध्ये तो कधी साधा असतो, कधी अन्न गरम ठेवण्यासाठी तापणारा. रेंजच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते एकदा पाहून घ्या. काहीही असले तरी कॅन तिथे नकोच.

तिसरी जागा बर्नरच्या थेट वरचे कपाट. तिथले तापमान सहसा 50 च्या वर जात नाही, म्हणून हे ऐकायला अतिसावधपणाचे वाटेल. पण त्या कपाटात सगळ्यात मोठा धोका पडण्याचा आहे. दार उघडताना कॅन घसरतो आणि बर्नरवरच्या तापल्या तव्यात जाऊन पडतो. कधी कोणी वरून काढून तो काम होईपर्यंत ओट्याऐवजी मागच्या बंद बर्नरवर टेकवतो, आणि मग चुकीचे बटण फिरते. गुळगुळीत काचेच्या इलेक्ट्रिक रेंजवर हे आणखी सोपे, कारण बंद बर्नर टेबलासारखाच दिसतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. कॅनचा तळ आत वळलेला असतो, त्यामुळे फक्त कडा टेकते आणि तापणे सुरुवातीला हळू असते. म्हणून लगेच काही दिसत नाही, पाच-सात मिनिटांनी दिसते, तेव्हा माणूस पाठ फिरवून कणीक मळत असतो.

मग ठेवायचा कुठे? रेंजपासून निदान एक हात लांब, शक्यतो दुसऱ्या भिंतीवरच्या, खालच्या बंद कपाटात. डिशवॉशरच्या वरचा कप्पा नको, त्याच्या वाफेने कॅनच्या जोडाला गंज चढतो. उन्हाच्या खिडकीत नको. बाजारातून आणल्यावर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर अजिबात विसरू नका, उन्हाळ्यात बंद गाडीचा आतला भाग 50 अंश सहज ओलांडतो.

वापरताना काय करायचे? डोशाच्या तव्याला स्प्रे मारायचा असेल तर तवा बर्नरवरून उचला, ज्योतीपासून वळा, दुसऱ्या बाजूला स्प्रे मारा, आणि मग तवा परत ठेवा. अगदी सोपे वाटते ते म्हणजे तवा बर्नरवर असतानाच दोन सेकंद स्प्रे मारणे. तिथे फवाऱ्यातला वायू तव्याच्या कडेवरून खाली उतरतो, कारण तो हवेपेक्षा जड असतो, आणि खालच्या ज्योतीला जाऊन मिळतो. मग फवारा पेटतो. एरोसोलची ज्वालाग्राहिता तपासताना आम्ही नेमके हेच मोजतो. ज्योतीपासून ठरावीक अंतरावरून स्प्रे मारायचा आणि किती लांबून तो पेटतो ते पाहायचे. 75 सेंटिमीटर किंवा त्याहून लांबून पेटला तर तो अत्यंत ज्वालाग्राही गटात जातो. ओट्यासमोर उभे राहिले तर तुमचा हात आणि ज्योत यांच्यामधले अंतर याच्या निम्मेही नसते.

इथे एक भीती मात्र काढून टाकतो. पेटलेल्या फवाऱ्यातून आग कॅनच्या आत शिरेल आणि तो लगेच फुटेल, असे होत नाही. आत प्राणवायू नाही आणि दाब बाहेरच्या दिशेने आहे, त्यामुळे ज्योत व्हॉल्व्हच्या आत जाऊ शकत नाही. फवारा पेटला तर बटण सोडा, तो तिथेच थांबतो. दचकून कॅन बर्नरवर टाकून देणे ही चूक होते, आणि मग खरोखरच फुटण्याचा प्रसंग येतो. बटण सोडून कॅन घट्ट धरून मागे व्हा.

बेकिंगच्या ट्रेला स्प्रे ओव्हनमध्ये घालण्यापूर्वी, थंड असताना, सिंकवर धरून मारा. उघड्या गरम ओव्हनमध्ये वाकून मारू नका. एअर फ्रायर असेल तर टोपली बाहेर काढून मारा. चालू यंत्रात वर लाल झालेली तार असते आणि फवारा थेट तिच्यावर जातो.

कॅन गरम सापडला तर काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या बाबतीत ते आधीच घडले आहे. धातू 50 अंशांच्या वर गेला की आपण तो हातात काही क्षणांपेक्षा जास्त धरू शकत नाही. तुम्ही कॅन उचललात, "चांगलाच गरम" वाटला पण टाकावा लागला नाही, यावरून मी तो 45 च्या आसपास असावा असे धरतो. अशा वेळी ओव्हन बंद करून कॅन शांतपणे थंड जागी ठेवायचा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. फ्रिजमध्ये घालण्याची गरज नाही. पूर्ण निवल्यावर तळ पाहा. तो आत वळलेलाच असायला हवा. तळ बाहेर फुगलेला असेल, ओट्यावर कॅन डुगडुगत असेल, किंवा जोडाजवळ तेल पाझरलेले दिसत असेल, तर कॅन वापरायचा नाही. तळ बाहेर येणे ही दाबाने पत्रा कायमचा वाकल्याची खूण आहे. तो थंड झाल्यावर परत आत जात नाही आणि पुढच्या वेळी लवकर फुटतो. तुमच्या कॅनचा तळ ठीक असेल तर तो फेकून द्यायची गरज नाही, जागा बदला.

कॅन चालू बर्नरवर किंवा तापल्या काचेवर सापडला तर वेगळे वागायचे. तळ फुगलेला, फुसफुस आवाज, कडेवरून तेल उडते आहे, यातले काहीही दिसले तर त्याला हात लावायला जाऊ नका. चिमटाही नको, पाणीही नको. बर्नरचे बटण कॅनवर न वाकता, बाजूने हात घालून बंद करता येत असेल तरच करा, नाहीतर ते सोडून द्या. सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढा, दार असेल तर लावून घ्या, आणि 911 ला फोन करा. भारतात 112 किंवा 101. बर्नर बंद झाला आणि कॅन शांत बसला, तरी निदान तासभर जवळ जाऊ नका. आतले तेल उष्णता धरून ठेवते आणि काचही लवकर निवत नाही.

सासूबाई पुण्याला परत जातील तेव्हा तिकडच्या घराचेही पाहू. तिथे तेलाचे स्प्रे कमी, पण तसेच कॅन भरपूर. डिओड्रंट, रूम फ्रेशनर आणि झुरळांचा स्प्रे. यांतल्या अनेकांमध्ये हाच वायू असतो. झुरळांचा स्प्रे तर ओट्याखालीच मारायचा असतो, शेगडीच्या खाली, सिलिंडरच्या मागे. वर चहा उकळत असताना हा स्प्रे मारला, तर जड वायू ओट्याखालच्या बंद जागेत साचतो आणि शेगडीची ज्योत किंवा रेग्युलेटरजवळ कोणी ओढलेली काडी त्याला पेटवते. नाकाला काही वास येत नाही, येतो तो औषधाचा. म्हणून शेगडी बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, स्वयंपाकघरातच देवघर असेल तर समई आणि निरांजनही विझवा, मग स्प्रे मारा. सगळा कॅन एकाच कपाटात रिकामा करू नका. खिडकी उघडून वीसेक मिनिटे ओट्याखालची दारे मोकळी ठेवा आणि मगच काडी ओढा. फ्रिजखाली, फ्रिजमागे स्प्रे मारायचा असेल तर आधी फ्रिजचे बटण भिंतीवर बंद करा, कारण फ्रिज आपोआप चालू होताना आत ठिणगी पडू शकते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच 45 च्या वर असते. पत्र्याच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात 50 गाठायला शेगडीची फार मदत लागत नाही, तिथे हे कॅन जमिनीलगत, सावलीच्या खोलीत ठेवावेत.

आणखी एक प्रकार म्हणजे सहलीची, ब्युटेनच्या आडव्या डब्यावर चालणारी छोटी शेगडी. तिच्यात डबा ज्योतीशेजारीच बसतो, मध्ये पत्र्याची एक भिंत असते. शेगडीच्या आकाराचे भांडे ठेवले तर काही होत नाही. पण भाकरीचा मोठा तवा किंवा चौकोनी ग्रिडल ठेवले, की ते डब्याच्या कप्प्यावरही जाते आणि खालची उष्णता परत डब्यावर फेकते. वाऱ्यापासून आडोसा म्हणून शेगडीभोवती फॉइल गुंडाळले तरी तेच. भांडे डब्याच्या कप्प्यावर आले नाही पाहिजे, आणि अशा दोन शेगड्या खेटून ठेवून त्यांवर एकच मोठे भांडे तर कधीच नाही. जेवताना अधूनमधून कप्प्याच्या झाकणावर हात ठेवून पाहा. हात टेकवत नसेल तर ज्योत बंद करा.

तेलाचा कॅन पूर्ण संपल्यावरही त्यात थोडा वायू उरतो. तो टोचू नका, शेकोटीत टाकू नका. बटण दाबून फुसफुस थांबेपर्यंत मोकळ्या हवेत, घराबाहेर रिकामा करा, आणि तुमच्या टाउनशिपचा नियम पाहून धातूच्या पुनर्वापरात किंवा घातक कचऱ्याच्या दिवशी द्या.

स्प्रेची सोय हवी पण कॅन नको असेल, तर हाताने दाबून मारायची काचेची पंपाची बाटली घ्या. फवारा तितका बारीक येत नाही, जाड तेल असेल तर कधी पिचकारी येते. तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाने नळी चिकटते, म्हणून आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि साबणाने पंप चालवून धुवा आणि पूर्ण वाळवून मगच तेल भरा. डोशाच्या तव्याला तर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला तरी चालतो, आणि तो बर्नरशेजारी वाटीत ठेवता येतो.